ऑफिसच्या लोकांना वास्तुशांतीचं इंग्रजी आमंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आता कुठल्याही टीममध्ये चार राज्यांची आणि एखाद-दुसरी परदेशातली माणसं असतातच, आणि घर घेतलं की त्यांना बोलवायचं असतंच. पत्रिका मराठीत छापून होते, पण ऑफिसच्या मेलवर काय लिहायचं इथे गाडी अडते. आलेल्या माणसाला आपल्या घरी अवघडल्यासारखं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिलंय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीतच दिलीत, मोठ्याने वाचून बघा, म्हणजे बोलल्यासारखी वाटतात का ते लगेच कळतं.

वास्तुशांतीत काय काय करतात ते सगळं समजावून सांगायला हवं ना?

नको. पुण्याहवाचन, मातृकापूजन, नवग्रह, वास्तुमंडल, होम, बलिदान, पूर्णाहुती हे सगळं इंग्रजीत लिहायला घेतलं तर दोन पानं होतील आणि वाचणाऱ्याला शेवटी कळणारच नाही की मी नेमकं किती वाजता यायचं आणि येताना काय आणायचं. मी एकच कसोटी लावते. या माहितीमुळे पाहुण्याचं काही बदलणार आहे का, म्हणजे त्याची यायची वेळ, कपडे, खाणं, किंवा दारात उभं राहिल्यावर तो काय करणार? बदलणार असेल तर आमंत्रणात एक वाक्य द्यायचं, नाहीतर ती गोष्ट जेवताना गप्पांसाठी ठेवायची.

आणि ते वाक्य कसं असावं, तर आधी तुम्हाला काय दिसेल आणि लगेच तुम्ही काय केलं तरी चालेल. नुसतं 'काय दिसेल' लिहिलं तर पाहुणा विचार करत बसतो की मग मी काय करू, आणि नुसतं 'हे करा, ते करू नका' लिहिलं तर सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं वाटतं.

वास्तुशांत म्हणायचं, गृहप्रवेश म्हणायचं की सरळ हाउसवॉर्मिंग?

विषयाच्या ओळीत हाउसवॉर्मिंग लंच लिहा, म्हणजे कशाबद्दल आहे ते बघताक्षणी कळतं. लंच हा शब्द मात्र विसरू नका, कारण नुसतं हाउसवॉर्मिंग वाचून युरोप-अमेरिकेतला माणूस संध्याकाळची पार्टी धरून चालतो आणि हातात वाइनची बाटली घेऊन येतो, त्यांच्याकडे तीच रीत आहे, त्यात त्याचं काही चुकत नाही. मग आत मजकुरात एकदाच वास्तुशांत हे नाव घ्या आणि त्याला जोडून 'अ प्रेयर फॉर पीस इन अ न्यू होम' एवढं म्हणा, त्यापुढे सगळीकडे 'द पूजा' म्हटलं की झालं. 'वाईट शक्ती घालवण्यासाठीचा विधी' अशा अर्थाचं काही लिहू नका, बऱ्याच लोकांच्या मेलमध्ये हे दिसतं. एकतर ते बरोबर नाही, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटतं की घरात काहीतरी झालंय.

वेळ कुठली द्यायची? मुहूर्त तर सकाळी पावणेसातचा आहे.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. मुहूर्त आपला, घरच्यांचा. कलश घेऊन आत जायचं, देव ठेवायचे, दूध उतू घालवायचं हे सगळं घरची आणि अगदी जवळची माणसं असताना होतं, आणि ऑफिसच्या मेलवर पावणेसात लिहिलंत तर जे वेळेचे पक्के असतात ते खरोखर पावणेसातला येऊन उभे राहतील, तेव्हा तुम्ही सोवळ्यात, फरशीवर सामान पसरलेलं, गुरुजी नारळ शोधतायत, आणि चहा द्यायलाही कोणी मोकळं नाही. पुढचे तीन-चार तास त्यांच्या ओळखीचं कोणीही नसतं आणि काय चाललंय तेही कळत नाही.

म्हणून गुरुजींना आधी विचारा की पूर्णाहुती साधारण किती वाजता होईल. समजा ते म्हणाले पावणेबारा, तर जेवण साडेबाराच्या आधी सुरू होत नाही, कारण नंतर आरती, नैवेद्य, आशीर्वाद असतातच. मग ऑफिससाठीची वेळ साडेबारा ते अडीच. तीही 'एनी टाइम बिट्वीन ट्वेल्व्ह थर्टी अँड टू थर्टी' अशी द्यायची, म्हणजे मधे कधीही आलं तरी उशीर झाला असं वाटत नाही. खराडीहून बावधनला शनिवारी दुपारी यायचं तर किती वेळ लागेल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा मोकळी वेळच बरी.

ज्यांना पूजा बघायची उत्सुकता आहे त्यांच्यासाठी वेगळं वाक्य द्या की अकरापासून या, होम बघायला मिळेल. त्याच वाक्यात धुराचं सांगा. फ्लॅटमधला हॉल छोटा, समिधा आणि तूप जळत असतं, त्यात खिडक्या अर्ध्याच उघडतात, आणि ज्याला दमा आहे किंवा डोळ्यांत लेन्स आहेत त्याला ते आधी कळलं तर तो आपणहून साडेबारानंतर येईल. आणि कॅलेंडरवर जी वेळ ब्लॉक करून पाठवता तिथेही साडेबाराच टाका. मजकुरात एक आणि कॅलेंडरवर दुसरीच वेळ असली की लोक कॅलेंडरचं ऐकतात.

मुहूर्त कामाच्या दिवशी आला तर आपल्याकडे संध्याकाळी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलवायची पद्धत आहेच. तेव्हा सरळ सहा ते नऊ द्या, पण मग जेवण आहे की फक्त प्रसाद आणि अल्पोपाहार ते स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी घरून जेवून येतं आणि कोणी उपाशी परत जातं.

चपला काढायचं तर सगळ्यांनाच माहीत असतं, ते कशाला लिहायचं?

भारतातल्या बहुतेकांना माहीत असतं, पण परदेशातून आलेल्याला नसतं, आणि ज्याला माहीत आहे त्यालाही पायात लेस बांधायचे बूट न घालण्याची संधी मिळते. 'वुई लीव्ह शूज ॲट द डोअर' एवढंच पुरे. 'प्लीज रिमूव्ह'पेक्षा हे मला जास्त आवडतं, कारण आम्ही असं करतो म्हटलं की समोरचा आपणहून करतो.

उंबऱ्यासमोरची रांगोळी मात्र लोक विसरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती पायपुसण्यासारखी काढलेली सजावट वाटू शकते, आणि दारात गर्दी असली की त्यावर पाय पडतोच, मग घरातली आजी काही बोलत नाही पण चेहरा सांगतो, आणि पाहुण्याला दिवसभर चुकचुकत राहतं. याच्यावर आमंत्रणात वाक्य खर्च करू नका, रांगोळी दाराच्या एका बाजूला काढा. जी अडचण घर मांडताना सुटते ती मेलमध्ये लिहायची गरजच नाही.

हळदीकुंकू, तीर्थ, प्रसाद हे कसं सांगायचं? कोणाला धर्मामुळे नको असेल तर?

यावर थोडं थांबून विचार करायला हवा, कारण इथे आपण पाहुण्याच्या कपाळाला हात लावतो आणि त्याच्या हातावर काहीतरी प्यायला देतो. आपल्याला ते इतकं सवयीचं आहे की विचारावं असं सुचतच नाही. पण ज्याने कधी बघितलं नाही त्याला अचानक कोणीतरी बोटावर कुंकू घेऊन पुढे आलं तर दचकायला होतं, आणि ख्रिश्चन किंवा मुस्लिम सहकारी असेल, किंवा कुठलाच धर्म न मानणारा असेल, तर त्याला ते नको असू शकतं आणि नको कसं म्हणायचं हे कळत नाही. 'नको'चा रस्ता आधीच दाखवून ठेवणं हे यजमानाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाक्य असं: 'यू मे बी ऑफर्ड अ डॉट ऑफ कुंकू ऑन द फोरहेड, अ स्पून ऑफ स्वीट मिल्क मिक्स्चर अँड सम प्रसाद, विच इज फूड फर्स्ट ऑफर्ड टू गॉड. इफ यू'ड रादर नॉट, जस्ट फोल्ड युअर हँड्स अँड स्माइल.' हात जोडून हसलं की समोरच्या काकूंनाही अपमान वाटत नाही, आणि पाहुण्याला कारण द्यावं लागत नाही. प्रसाद म्हणजे देवाला आधी दाखवलेला नैवेद्य हे मात्र लिहाच. काही लोक नेमक्या त्याच कारणासाठी तो घेत नाहीत, आणि ते त्यांना आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे.

तीर्थ उजव्या हाताच्या तळव्यावर घ्यायचं, मग हात डोक्यावरून फिरवायचा, हे आमंत्रणात नको. तिथे पुढे असलेल्याचं बघून कोणीही करतं. घरातल्या एका माणसाला, शक्यतो इंग्रजी सहज बोलणाऱ्या भाच्याला किंवा वहिनीला सांगून ठेवा की ऑफिसचे लोक आले की त्यांच्याबरोबर राहायचं आणि आधी स्वतः तीर्थ घेऊन दाखवायचं.

हळदीकुंकू तिथे आलेल्या सगळ्या बायकांना द्या, कोण लग्नाची, कोणाचा नवरा हयात आहे हे विचारत बसू नका, निदान या दिवशी तरी. आणि निघताना ओटी भरणार असाल तर त्या जर्मन किंवा मणिपुरी सहकारी मुलीला हातात नारळ आणि ब्लाउजपीस आल्यावर काय करायचं ते कळत नाही, तेव्हा देतानाच दोन शब्द बोला की ही शुभेच्छा आहे, नारळ घरी फोडून खायचा, आणि पिशवी द्या.

जेवणाबद्दल किती सांगायचं?

मेन्यू लिहायची गरज नाही, पण तीन गोष्टी सांगायला हव्यात: शाकाहारी आहे, कांदा-लसूण आणि अंडं नाही, दारू नाही. हे एका ओळीत बसतं, 'लंच इज अ ट्रॅडिशनल व्हेजिटेरियन मील, विदाउट एग, अनियन ऑर गार्लिक, अँड वुई डोन्ट सर्व्ह अल्कोहोल ऑन द डे ऑफ द पूजा.' शेवटचे शब्द, म्हणजे पूजेच्या दिवशी, मुद्दाम घातलेत. त्यामुळे तुम्ही कोणाला सल्ला देताय असं वाटत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ॲलर्जीची. आपण शाकाहारी आहे म्हणजे सगळ्यांना चालेल असं धरतो, पण कोशिंबिरीत दाण्याचं कूट, अळूच्या भाजीत शेंगदाणे, मसालेभातात काजू, प्रसादाच्या शिऱ्यात गव्हाचा रवा, तूप, दूध. पंचामृत तर दूध, दही, तूप, मध, साखर यांचंच. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला दाण्याचं कूट नुसतं बघून ओळखू येणार नाही. म्हणून, 'द फूड हॅज पीनट्स, कॅश्यूज, मिल्क अँड व्हीट, टेल मी इफ यू कान्ट ईट एनी ऑफ दीज.' आणि कोणी सांगितलं तर केटररला आधीच कळवा, वाढताना सांगून उपयोग नसतो कारण तोपर्यंत कूट घालून झालेलं असतं. टीममध्ये जैन असतील तर बटाटा आणि इतर कंदांचंही विचारून घ्या.

पंगत असेल तर आग्रहाचा एक प्रश्न येतो. वाढपी जिलबी घेऊन फिरतच राहणार, आणि पाहुणा थँक्यू म्हणाला की आपला वाढपी ते हो समजून आणखी दोन टाकणार. परदेशी पाहुण्याला ताटात टाकणं बरं वाटत नाही म्हणून तो बिचारा संपवत राहतो. त्याला एवढंच सांगायचं की ताटावर हात आडवा धरला की बस असा अर्थ होतो. मेलमध्ये हे एक वाक्य टाकलंत तर लोकांना गंमतही वाटते आणि खरंच वापरतात. बुफे असेल तर हे वाक्य काढून टाका. हाताने जेवण्याबद्दल काही लिहू नका, चमचे ठेवा फक्त.

आहेराचं काय लिहायचं?

मराठी पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' लिहिलं तरी अर्धे लोक पाकीट आणतात आणि ते आपल्याला चालतं, पण इंग्रजी वाचणारा शब्दशः घेतो. तेव्हा खरंच नको असेल तरच 'नो गिफ्ट्स, प्लीज' लिहा. अनेकांना मात्र रिकाम्या हाताने जाणं जडच जातं, त्यांच्यासाठी पुढे जोडा, 'इफ यू मस्ट, अ स्मॉल प्लांट वुड मेक अस हॅपी.' झाड मागितलं की वाइन, अंड्याचा केक, लेदरची वस्तू हे सगळे प्रश्न न बोलता सुटतात. टीम वर्गणी काढून काही देणार असेल तर ते ऑफिसमध्ये सोमवारी घेऊ, त्या दिवशी सगळ्यांसमोर नको, असं तुम्ही टीममधल्या एकाला तोंडी सांगू शकता.

कपडे?

'कम ॲज यू आर, समथिंग कम्फर्टेबल टू सिट ऑन द फ्लोअर इन.' काळा रंग नको असं लिहू नका, अगदी वडीलधाऱ्यांचा आग्रह असला तरी. नाहीतर 'ब्राइट कलर्स आर वेलकम' लिहा, जे सांगायचं ते पोचतं.

सासूबाई म्हणतायत पाळी असेल तर येऊ नये असंही लिही. लिहू का?

नाही. ऑफिसच्या मेलवर सहकारी बायकांच्या शरीराबद्दल एक ओळही जाता कामा नये. सासूबाईंची काळजी पूजेच्या जागेची असते, तर सहकाऱ्यांची बसायची आणि जेवायची सोय दुसऱ्या खोलीत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये करा. पूजेपाशी आपोआप घरचीच माणसं राहतात आणि कोणाला काही विचारावं लागत नाही.

सहकुटुंब सहपरिवार हे इंग्रजीत कसं?

'विथ फॅमिली' एवढं लिहिलं तर लग्न न झालेला पण जोडीदाराबरोबर राहणारा माणूस एकटाच येतो आणि कोणी विचारत बसतं की आई-बाबा आलेत गावाहून, त्यांना आणू का. 'पार्टनर्स, चिल्ड्रेन अँड व्हिजिटिंग पेरेंट्स आर ऑल वेलकम' लिहा. आणि किती जण येणार ते कळवायची तारीख द्या, आपल्याकडे अशी तारीख द्यायला संकोच वाटतो पण इंग्रजी आमंत्रणात तो अजिबात उद्धटपणा नाही. समारंभ शनिवारी असेल तर बुधवारपर्यंत, म्हणजे केटररला आकडा द्यायला एक-दोन दिवस राहतात.

सगळं एकत्र करून दाखवाल का?

समजा घर बावधनला, ऑफिस खराडीत, टीममध्ये एक जर्मन मॅनेजर, एक मणिपुरी मुलगी, दोन मल्याळी, बाकी इकडचे. पहिल्या मसुद्यात लोक सहसा असं लिहितात, 'वुई कॉर्डियली सॉलिसिट युअर ग्रेशस प्रेझेन्स ऑन द ऑस्पिशस ऑकेजन ऑफ वास्तुशांती अँड सत्यनारायण महापूजा, मुहूर्त सिक्स फॉर्टी फाइव्ह एएम, फॉलोड बाय महाप्रसाद.' यात जर्मन माणसाला कळलेली गोष्ट एकच, पावणेसात. आता हे बघा:

'हाय ऑल, वुई आर मूव्हिंग इन्टू अ न्यू फ्लॅट इन बावधन अँड वुड लव्ह टू हॅव यू ओव्हर फॉर लंच धिस सॅटर्डे, एनी टाइम बिट्वीन ट्वेल्व्ह थर्टी अँड टू थर्टी. पार्टनर्स, चिल्ड्रेन अँड व्हिजिटिंग पेरेंट्स आर ऑल वेलकम. प्लीज टेल मी बाय वेन्सडे हाउ मेनी ऑफ यू आर कमिंग.

द मॉर्निंग बिगिन्स विथ अ वास्तुशांत, अ प्रेयर फॉर पीस इन अ न्यू होम. इफ यू'ड लाइक टू वॉच, कम फ्रॉम इलेव्हन; देअर विल बी अ स्मॉल फायर अँड सम स्मोक इन द रूम.

इफ इट्स युअर फर्स्ट टाइम: वुई लीव्ह शूज ॲट द डोअर.' आणि इथून पुढे वर दिलेली कुंकू-प्रसादाची, जेवणाची, ॲलर्जीची, ताटावर हात धरायची, झाडाची आणि कपड्यांची वाक्यं त्याच क्रमाने, मग पत्ता, मॅपची लिंक, पार्किंग कुठे ते, आणि गेटवर कोणाचं नाव सांगायचं.

फोनवर दोनदा स्क्रोल केलं की संपलं पाहिजे. त्याहून लांबलं तर सगळ्यात आधी पूजेबद्दलचं वर्णन कापा, ॲलर्जी आणि वेळ कधीच कापू नका.

ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून आपल्याला अडाणी समजतात असं नाही वाटणार?

'इफ इट्स युअर फर्स्ट टाइम' हे शब्द त्यासाठीच आहेत, माहीत असलेला तिथून पुढे वाचत नाही. वेगळे दोन मेल मात्र करू नका, टीममध्ये ते एकमेकांना दाखवले जातातच. शिवाय माहीत असलेल्यांनाही सगळं सारखं नसतं. केरळच्या लोकांकडे नव्या घरात दूध उतू घालवण्याचा कार्यक्रमच असतो, पालुकाचल म्हणतात, त्यामुळे ते बघून त्यांना घरच्यासारखं वाटेल, पण आपल्या ओटीचं त्यांनाही नवीन असू शकतं.

जेवताना कोणी विचारलंच की वास्तुशांत म्हणजे नेमकं काय, तर?

तेव्हा छान सांगा, वेळही असतो. मत्स्यपुराणात गोष्ट आहे की शंकर अंधकासुराशी लढत असताना त्यांचा घाम जमिनीवर पडला, त्यातून एक प्रचंड भुकेला जीव तयार झाला, तो सगळं खायला निघाला तेव्हा देवांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं आणि जो देव जिथे बसला तिथेच राहिला. तोच वास्तुपुरुष. घर बांधताना त्याची पूजा होईल, त्याला त्याचा वाटा मिळेल असा वर त्याला मिळाला, म्हणून आपण नव्या घरात राहायला लागताना त्याचा मान त्याला देतो. मग त्यांना आग्नेय कोपरा दाखवा, जिथे गुरुजींनी वास्तूची छोटी प्रतिमा ठेवून वरून बंद केलं असेल. जमीन आपली नसलेल्या फ्लॅटमध्ये ते कसं करतात हा प्रश्न हमखास येतो, तर फरशीची एक टाइल काढून तिच्याखाली ठेवतात, किंवा बिल्डरने परवानगी दिली नसेल तर त्याच कोपऱ्यात भिंतीला लागून कुठेतरी बसवतात, तुमच्याकडे जे केलं असेल ते तसंच दाखवा.